गणपतीच्या सुट्टीसाठी केलेला तक्ता: फ्लोचार्ट आणि त्याच्या शेजारचा आकडा

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी संगणक अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर शिकवते. सत्र भर पावसात सुरू होतं आणि रंगात येतं तोवर गणपती येतात. कोकणात गणपतीची सुट्टी कागदावर कितीही दिवसांची असो, मुलं आधी दोन दिवस आणि नंतर चार दिवस वर्गात नसतात. घरी चाकरमानी आलेले असतात, आरत्या असतात, गौरी असतात. पुस्तक उघडलं जात नाही, याबद्दल माझी तक्रारही नाही. पण सुट्टीनंतर लगेच अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि अनेक गावांत फोनला रेंज मिळवायला सड्यावर जावं लागतं. म्हणून खिशात घडी घालून नेता येईल असा एक कागद मुलांना द्यायचा, असं मी ठरवलं.

एक ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. त्यावर अकरा अल्गोरिदम: लिनियर आणि बायनरी सर्च, बबल, सिलेक्शन, इन्सर्शन, क्विक आणि मर्ज सॉर्ट, स्टॅकचे पुश आणि पॉप, लिंक्ड लिस्टमध्ये शेवटी नोड घालणं आणि काढणं. प्रत्येकाला तीन रकाने होते. डावीकडे क्रमांक घातलेल्या पायऱ्या, मधे फ्लोचार्ट, उजवीकडे टाइम कॉम्प्लेक्सिटी. प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलांना अल्गोरिदम आणि फ्लोचार्ट दोन्ही लिहावे लागतात, म्हणून नुसता कोड देऊन भागणारं नव्हतं.

पायऱ्या मी माझ्या टिपणांवरून लिहिल्या. फ्लोचार्ट प्रयोगशाळेतल्या सहायकांनी पेन्सिलीने सुबक काढले. कॉम्प्लेक्सिटीचा रकाना मात्र मी सगळीकडे फिरणाऱ्या तयार तक्त्यातून उतरवला. सर्वोत्तम, सरासरी आणि सर्वांत वाईट, असे तीन आकडे प्रत्येक नावापुढे. सुट्टी लागायला दोन दिवस राहिले होते. त्या रकान्याला मला जेमतेम वीस मिनिटं लागली, आणि या प्रकरणातली पहिली चूक तिथेच झाली.

अडचण

सुट्टीनंतरच्या तोंडी परीक्षेत एका मुलीला मी बबल सॉर्ट विचारला. तिने फ्लोचार्ट तक्त्यात होता तसाच्या तसा, न चुकता काढला. सर्वोत्तम स्थितीत किती वेळ लागेल, असं विचारल्यावर ती म्हणाली, "O(n), मॅडम." कधी? "आधीच क्रमाने लावलेले असतील तर." दोन्ही उत्तरं पुस्तकाप्रमाणे बरोबर. मग मी सहज म्हटलं, "तुझ्या चित्रात पेन्सिल फिरवून दाखव. क्रमाने लावलेले सहा आकडे घे."

तिने आंब्यांची वजनं घेतली: १८०, २००, २२०, २४०, २६०, २८० ग्रॅम. पेन्सिल फिरू लागली. पहिल्या फेरीत पाच तुलना झाल्या, अदलाबदल एकही नाही. दुसऱ्या फेरीत चार. मग तीन, दोन, एक. एकूण पंधरा. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यात थांबायचं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्या फ्लोचार्टमध्ये फेरीत अदलाबदल झाली की नाही हे लक्षात ठेवणारा फ्लॅगच नव्हता. फ्लॅगशिवायचा बबल सॉर्ट काहीही दिलं तरी n(n-1)/2 तुलना करतो. त्याची सर्वोत्तम स्थितीही O(n²)च असते. उजवीकडचा O(n) हा आकडा खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच, फ्लॅग असलेल्या बबल सॉर्टचा होता. चित्र एका पद्धतीचं आणि आकडा दुसऱ्या पद्धतीचा, अशी जोडी आम्ही साठेक मुलांच्या हातात दिली होती.

मग मी तो सगळा कागद संशयाने पाहायला बसले. लिंक्ड लिस्टच्या शेवटी नोड घालण्याच्या चौकटीत तेच होतं. शेजारी O(1), आणि चित्रात `temp->next != NULL` अशी अट घेऊन फिरणारा लूप. सगळी साखळी चालून जाणारं चित्र आणि "एका टप्प्यात होतं" म्हणणारा आकडा, दोन्ही एका ओळीत बसले होते आणि कोणालाही, मलाही, ते खटकलं नव्हतं.

तिसरा दोष आकड्यातला नव्हता, बाणातला होता. बायनरी सर्चच्या फ्लोचार्टमध्ये `low = mid + 1` या चौकटीतून निघालेला बाण वर जाऊन `low <= high` या प्रश्नाच्या वरच्या रेषेला मिळायला हवा. आमच्या चित्रात तो प्रश्नाच्या खाली, प्रश्न आणि `mid` काढण्याची चौकट यांच्या मधल्या रेषेला मिळाला होता. कागदावर हा फरक फार तर एक सेंटीमीटरचा. मूळ चित्रात तो बरोबर होता की नाही, यावर सहायकांचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पेन्सिलीची रेघ झेरॉक्समध्ये फिकी झाली होती आणि दोन पानं एकावर आणताना चित्र लहान झालं होतं. छापून आलेल्या कागदावर मात्र तो खालीच दिसत होता.

याने काय होतं ते करून पाहिलं. आकडे १२, १८, २५, ३१, ४०, ४७, ५३, जागा ० ते ६. शोधायचे आहेत ३०, जे यादीत नाहीत. पहिला `mid` ३, तिथे ३१, म्हणून `high` झाला २. मग `mid` १, तिथे १८, म्हणून `low` झाला २. मग `mid` २, तिथे २५, म्हणून `low` झाला ३. आता `low` ३ आणि `high` २, म्हणजे थांबायची वेळ. पण बाण प्रश्नाला वळसा घालून गेला, तर `mid` पुन्हा २ येतो, तिथे पुन्हा २५, `low` पुन्हा ३. हे चक्र संपतच नाही. सापडणारा आकडा दिला तर हा दोष दिसतही नाही. मुलं सरावाला नेहमी सापडणारा आकडाच घेतात, त्यामुळे तो कोणाच्या लक्षात आला नव्हता.

समोरचे पर्याय

सत्राअखेरची प्रात्यक्षिक परीक्षा दिवाळीनंतर होती आणि बाहेरचे परीक्षक येणार होते. विभागातले ज्येष्ठ सर, सहायक आणि मी असे तिघे बसलो.

सरांचं म्हणणं सरळ होतं: चुकलेले दोन आकडे दुरुस्त करा, बाण नीट काढा आणि नवी प्रत वाटा. एका दुपारचं काम. मला हे पटत होतं, पण एक शंका जात नव्हती. त्या मुलीने पेन्सिल फिरवली नसती तर आम्हाला चूक सापडली नसती. उरलेल्या आठ चौकटींत पेन्सिल कोणी फिरवली होती? आणि दुरुस्त केलेला आकडाही मुलं पुन्हा पाठच करणार. फ्लॅग असलेला बबल सॉर्ट वहीत आणि फ्लॅग नसलेला डोक्यात, असं पुढच्या वर्षी पुन्हा होणार.

दुसरा विचार माझा होता. कॉम्प्लेक्सिटीचा रकाना रिकामा सोडायचा आणि मुलांनी तो स्वतः भरायचा. सरांनी यावर एक रास्त आक्षेप घेतला. संदर्भाचा कागद हा अडल्यावर बघायचा असतो, त्यात रिकामी जागा ठेवली तर तो गृहपाठाचा कागद होतो. शिवाय मुलांनी चुकीचं भरलं तर तीच चूक परीक्षेपर्यंत त्यांच्याबरोबर राहते.

मधला मार्ग सहायकांनी सुचवला, आणि तो ऐकताक्षणी मला बरोबर वाटला. आयटीआयमध्ये शिकताना ते वायरिंगच्या आकृतीत प्रत्येक तारेवर तिचा भार लिहायचे. तसंच फ्लोचार्टच्या प्रत्येक चौकटीवर ती किती वेळा चालते हे का लिहू नये? मग उजवीकडचा आकडा त्या चौकटींवरून आपोआप निघेल, आणि चित्र बदललं तर आकडाही बदलावा लागेल.

आम्ही हा मार्ग घेतला. किंमतही ठाऊक होती: अकरा अल्गोरिदम एका कागदावर मावणार नव्हते.

काय केलं

प्रत्येक चौकटीला पायरीचाच क्रमांक दिला. डावीकडची पायरी ४ म्हणजे चित्रातली चौकट ४. हे आधीही करता आलं असतं. आधी पायऱ्या आठ आणि चौकटी सहा, असं असल्यामुळे त्या ताडून बघायला जागाच नव्हती. क्रमांक घालायला बसलो तेव्हा चार ठिकाणी पायरी होती पण चौकट नव्हती.

लूपच्या परतीचा प्रत्येक बाण प्रश्नाच्या वर काढलेल्या एका छोट्या वर्तुळात आणून सोडला. रेषेला रेष मिळते तिथे नेमकं कुठे मिळाली हे लहान छपाईत कळत नाही. वर्तुळ मात्र कळतं. चित्रं पेन्सिलीऐवजी काळ्या जेल पेनने काढली आणि मूळ प्रतीच्या आकारातच झेरॉक्स केली, लहान केली नाहीत. एसटी स्टँडजवळच्या दुकानदाराने जाड कागद घ्यायला सांगितलं, कारण पावसाळी हवेत पातळ कागदाच्या घडीवरची शाई आधी जाते. आमच्या जुन्या तक्त्यात बायनरी सर्चचं चित्र नेमकं घडीवर होतं.

मग मोजणी. बबल सॉर्टसाठी फ्लॅग असलेलं आणि नसलेलं अशी दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवायचं ठरवलं. फ्लॅगवाल्याचा गाभा असा:

```c
for (i = 0; i < n - 1; i++) {
    swapped = 0;
    for (j = 0; j < n - 1 - i; j++) {
        count++;
        if (a[j] > a[j + 1]) {
            t = a[j]; a[j] = a[j + 1]; a[j + 1] = t;
            swapped = 1;
        }
    }
    if (!swapped) break;
}
```

`count` हा फक्त मोजणीसाठी घातला, म्हणजे कागदावर लिहिलेला आकडा मुलांना प्रयोगशाळेत चालवून पाहता येईल. क्रमाने लावलेली तीच सहा वजनं दिली की `count` ५ येतो, फ्लॅग काढला की १५. हजार आकड्यांना फ्लॅगसह ९९९ आणि फ्लॅगशिवाय ४,९९,५००.

इथे वर्गात एक गोष्ट अशी निघाली, जी मी तक्त्यात घालायचं ठरवलंच नव्हतं. एका मुलाने विचारलं, "एकच आंबा चुकीच्या जागी असेल, तर फ्लॅगने लवकर संपेल ना?" आम्ही दोन याद्या घेतल्या. पहिलीत सर्वांत मोठा आकडा सुरुवातीला: २८०, १८०, २००, २२०, २४०, २६०. पहिल्याच फेरीत २८० शेवटी जाऊन बसतो, दुसरी फेरी अदलाबदल न होता संपते, आणि `count` ९ वर थांबतो. दुसरीत सर्वांत लहान शेवटी: २००, २२०, २४०, २६०, २८०, १८०. इथे १८० दर फेरीत एकच घर पुढे सरकतो, म्हणून पाचही फेऱ्या होतात आणि `count` पुन्हा १५. दोन्ही याद्या "जवळजवळ लावलेल्या", तरी फरक इतका. "सर्वोत्तम" हा शब्द नेमक्या कोणत्या यादीबद्दल आहे, हे लिहिल्याशिवाय शेजारचा आकडा अपुरा आहे, हे माझ्याही नीट ध्यानात आलं ते इथे. त्यानंतर आम्ही प्रत्येक आकड्याखाली ती स्थिती आणणारी एक छोटी यादी लिहिली.

लिंक्ड लिस्टवर सगळ्यांत जास्त वाद झाला. "इन्सर्ट O(1)" ही ओळ मोडून आम्ही ती हातात काय आहे यावर वाटली. फक्त `head` हातात असेल, तर शेवटी नोड घालायला सगळी साखळी चालावी लागते, O(n). `tail` पण सांभाळला असेल, तर चालायची गरज नाही, O(1). इथवर मुलांना पटलं. मग सगळ्यांनी गृहीत धरलं की `tail` असेल तर शेवटचा नोड काढणंही O(1)च असणार. सरांनाही आधी तसंच वाटलं, आणि ते त्यांनी वर्गासमोर मोकळेपणाने सांगितलं.

मी सहा मुलांना ओळीत उभं केलं. प्रत्येकाने डावा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवला आणि मागे वळून बघायचं नाही असं ठरलं. `tail` म्हणजे शेवटच्याकडे रोखलेलं माझं बोट. शेवटच्याला बाहेर काढलं. आता `tail` कुणाकडे रोखायचं? पाचव्याकडे. पण पाचवा कोण हे सहाव्याला माहीत नाही, कारण त्याला फक्त पुढे दिसतं. पाचव्याला गाठायचं तर पहिल्यापासूनच चालत यावं लागतं. म्हणून एकेरी साखळीत `tail` असूनही शेवटचा नोड काढणं O(n) राहतं. प्रत्येकाने उजवा हात मागच्याच्या खांद्यावर ठेवला, म्हणजे साखळी दुहेरी केली, की ते O(1) होतं. तक्त्यात याच्या तीन ओळी झाल्या, आणि तीन वेगळी चित्रं.

छापण्याआधीची शेवटची पायरी म्हणजे पेन्सिल फिरवणं. पहिल्या वर्षाच्या दोन मुलींना, ज्यांना हे अल्गोरिदम अजून शिकवलेच नव्हते, प्रत्येक चित्र दिलं आणि तीन वेळा चालायला सांगितलं: उत्तर सापडेल अशी यादी, सापडणार नाही अशी यादी, आणि रिकामी यादी. जाणकार माणूस चुकीचा बाणही बरोबर वाचतो, म्हणून मुद्दाम न जाणणाऱ्या शोधल्या. अशा चालण्यात दोन चित्रं पडली. शेवटचा नोड काढण्याच्या एका चित्रात `head` `NULL` आहे का हा प्रश्नच नव्हता, आणि दुसऱ्यात एकच नोड असताना `head` बदलायचं राहिलं होतं.

परिणाम

नवा तक्ता दोन कागदांचा झाला आणि त्यात नऊच अल्गोरिदम मावले. क्विक आणि मर्ज सॉर्ट गळले. दिवाळीआधी वाटला.

तोंडी परीक्षेत मुलांचं बोलणं बदललेलं जाणवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इन्सर्शन सॉर्टची कॉम्प्लेक्सिटी विचारल्यावर एका मुलाने उलट विचारलं, "सर, यादी कशी आहे?" आणि मग दोन्ही उत्तरं चित्रावर बोट ठेवून सांगितली. असं सगळ्यांचं झालं नाही. बऱ्याच मुलांनी चौकटींवरचे आकडेही पाठच केले. एकाने चौकटीवर n(n-1)/2 लिहिलं आणि n पाच असेल तर किती, हे त्याला सांगता आलं नाही.

गळलेल्या दोन सॉर्टचा फटकाही बसला. क्विक सॉर्टला सर्वांत वाईट O(n²) हे मुलांना पाठ होतं, पण प्रात्यक्षिकात चाचणीसाठी अनेकांनी १, २, ३, ४, ५ हीच यादी टाइप केली. पहिला आकडा पिव्हट घेणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमसाठी तीच सर्वांत वाईट यादी: तुलना ४, ३, २, १, एकूण दहा. आपण नेमकी ती स्थिती समोर टाइप करतोय, हे कोणीही ओळखलं नाही. जुन्या तक्त्यात तो आकडा होता, त्याची यादी नव्हती.

आज पुन्हा करायचं झालं तर

सुट्टीच्या घाईत कॉम्प्लेक्सिटीचा रकाना मी छापलाच नसता. पायऱ्या आणि चित्रं देऊन आकडे नंतर दिले असते तर चाललं असतं. तयार तक्त्यातला आकडा घ्यायला हरकत नाही, पण तो ज्या प्रकाराचा आहे तोच प्रकार आपल्या चित्रात आहे का, हे बघायला एक पेन्सिल आणि पाच मिनिटं पुरतात. ती मी दिली नाहीत.

पहिल्या वर्षाच्या मुलींकडून चालवून घेणं मी शेवटी ठेवलं. ते मोजणीच्याही आधी करायला हवं होतं, कारण ज्या दोन चित्रांत त्यांना चुका सापडल्या त्यांच्या चौकटी आम्हाला पुन्हा मोजाव्या लागल्या.

चौकटीवर आकडा लिहायच्या पद्धतीची मर्यादाही आता कळली आहे. मर्ज सॉर्ट स्वतःलाच हाक मारतो, म्हणून त्याच्या चित्रात लूप दिसतच नाही, आणि चौकटीवर काय लिहायचं यावर आम्ही अडलो. पुढच्या सत्रासाठी त्याचं चित्र वेगळं केलं आहे. आठ आकड्यांची फांदी खाली उतरत एकेकावर येते आणि तिथून जोडत वर जाताना तीन पातळ्या लागतात. प्रत्येक पातळीवर आठही आकडे एकदा हलतात, म्हणजे एकूण चोवीस. n दुप्पट केला की पातळी एकच वाढते, हे सोळाच्या फांदीवरून दिसतं. O(n log n) चित्रातून दाखवायला मला अजून याहून सोपा मार्ग सापडलेला नाही.

पुढच्या सत्रासाठी ठेवलेली हॅशिंगची चौकट मात्र अजून कोरी आहे. तिच्यापुढे सगळेजण O(1) लिहितात. पण एकाच खणात सगळ्या किल्ल्या येऊन पडल्या तर शोध O(n) होतो. आमच्या प्रात्यक्षिकातलं फंक्शन दहाने भागून बाकी घेतं, आणि मुलं सरावाला १०, २०, ३०, ४० अशाच किल्ल्या देतात. त्या सगळ्या शून्याच्या खणात जातात. ते चित्र कसं काढायचं यावर सहायक आणि मी या महिन्यात बसणार आहोत.